समोरचा घाट

पात्र ५०० मीटर रुंद, संथ पाण्यात नावेचा वेग ताशी ५ किलोमीटर आणि प्रवाहाचा ३, असे आम्ही धरू. नावेचे तोंड काठाशी काटकोनात ठेवले, तर ६ मिनिटांत पैलतीरी लागतो; याहून लवकर नाहीच, कारण वल्ह्याचे सारे बळ पात्र ओलांडण्यातच लागते. परंतु तेवढ्यात प्रवाह ३०० मीटर खाली नेतो. नेमका समोरचा घाट हवा, तर तोंड सुमारे ३७ अंश प्रवाहाविरुद्ध वळवावे. मग आडवा वेग ताशी ४ उरतो आणि साडेसात मिनिटे लागतात. चिखलातून मागे चालण्यापेक्षा ही दीड मिनिटे आम्हांस स्वस्तच वाटतात. पुरात मात्र प्रवाह ताशी ५ झाला, की कोणत्याही कोनाने समोरचा घाट सापडत नाही.