मंगळवार संध्याकाळ, पाच वाजता

उद्घाटनाच्या संध्याकाळचा मजकूर लिहायला बसावं लागतं तेव्हा चित्रं अजून भिंतीवर नसतात. काही तर कागदावरही पुरती उतरलेली नसतात. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाचा आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. आधीच्या चित्रकाराच्या चौकटी उतरतात, भिंत थोडा वेळ मोकळी होते, आणि त्या मोकळ्या वेळात पुढच्याने आपली चित्रं टांगायची असतात. मजकूर मात्र त्याआधीच जगात गेलेला असतो. अजून न आलेल्या संध्याकाळबद्दल, अजून न टांगलेल्या चित्रांबद्दल, कधीच न भेटलेल्या माणसांना चार ओळी लिहायच्या, असं हे काम.

माझ्या एका चित्रकार मित्राची मिठागरांची चित्रं यायची होती. पूर्व उपनगरांतल्या मिठागरांवर तो हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जात असे. भरतीचं पाणी बांधाआड अडवलेलं, त्यावर ऊन आपलं काम करत बसलेलं, कडेला पांढऱ्या राशी आणि लांब दांड्याच्या लाकडी दाताळ्यावर झुकलेलं एक माणूस. हे सगळं बावीस बाय तीस इंचांच्या कागदावर, जलरंगात. पांढरा रंग त्याने कुठे लावलाच नव्हता. मिठाची रास म्हणजे कोरा सोडलेला कागद.

त्याने स्वतः लिहून आणलेली पहिली ओळ अशी होती : ‘निसर्ग आणि मानवी श्रम यांच्यातील अनादि नात्याचा रंगसंवाद.’ ही ओळ कोणत्याही चित्रकाराच्या कोणत्याही चित्राखाली चालली असती. इन्स्टाग्रामवर तर मजकुराच्या सुरुवातीच्या एखाद-दोन ओळीच दिसतात. बाकीचं ‘more’च्या मागे दडून बसतं आणि तिथवर बोट नेण्याचे कष्ट फार थोडे घेतात. म्हणजे जे आहे ते त्या उंबरठ्यावरच मांडायला हवं. मी लिहिलं : ‘या चित्रांत मीठ रंगवलेलं नाही, ते कागदानेच दिलं आहे.’ आणि लगेच पुढच्या ओळीत वार, तारीख, वेळ, ठिकाण.

तो म्हणाला, “अगं, एवढ्या लवकर पत्ता? जरा वातावरण तरी होऊ दे.”

वातावरण चित्र करतं. मजकुराने माणसाला दारापर्यंत आणायचं असतं. त्यातही ‘आज संध्याकाळी’, ‘उद्या नक्की या’ असं लिहिण्याचा मोह आवरावा लागतो, कारण आपली पोस्ट कुणासमोर कधी येऊन उभी राहील हे आपल्या हातात नसतं. मंगळवारी टाकलेलं ‘आज’ एखाद्याला गुरुवारी दिसतं, आणि तो बिचारा गुरुवारी पाच वाजता हार-तुरे शोधत येतो. म्हणून ‘मंगळवार, १३ जानेवारी’ असं वारासकट लिहायचं, आणि वार नि तारीख जुळतात का ते कॅलेंडरसमोर उभं राहून बघायचं. तारखेत एक आकडा चुकला तर वार चुगली करतो. वाचणाऱ्याच्या मनात शंका येते आणि तो फोन करून विचारतो. वारच नसेल तर चूक गुपचूप घर गाठते. हाच तपशील चित्रावरही छापायचा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पुढे पुढे जात राहतं आणि खालचा मजकूर वाटेत कुठेतरी गळून पडतो.

वेळेवरून आमची बरीच चर्चा झाली. त्याला उद्घाटन सहा वाजता हवं होतं. ऑफिसं सुटतात, माणसं मोकळी होतात. पण दालन सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. सहा म्हटलं की पाहुणे सव्वासहाला येणार, दीपप्रज्वलन, दोन भाषणं, शाल-श्रीफळ, फोटो, आणि दिवे मालवायची वेळ. चित्रांच्या वाट्याला काय उरतं? पाठी. उद्घाटनाला भिंतींना दिसतात त्या मुख्यतः माणसांच्या पाठी. पाच वाजता ठरलं.

मग तो म्हणाला, बोलणंही त्याच संध्याकाळी उरकू. पण चित्रकाराने आपल्या चित्रांविषयी अशा गर्दीत कधी बोलू नये. त्याला ऐकणारे आणि त्याला भेटायला आलेले, या दोन वेगळ्या जमाती असतात. भेटायला आलेले मोठ्याने बोलतात, आणि त्यांनी तसंच बोलावं, तो त्यांचाच दिवस असतो. ऐकणाऱ्यांना वेगळा दिवस द्यावा. रविवार सोपा वाटतो, पण मुंबईत रविवार म्हणजे मेगाब्लॉक. डोंबिवलीहून किंवा पनवेलहून निघालेला माणूस साडेचारच्या बोलण्याला कधी पोचेल, हे रेल्वेच जाणे. म्हणून शनिवार, दुपारी साडेचार. अर्धा तास त्याने बोलायचं, अर्धा तास चित्रांसमोरून फिरत प्रश्न. साडेपाचला संपलं तरी दालन बंद व्हायला दीड तास उरतो. कोरा कागद कसा राखला, तिथे ब्रश कुठे थांबवला हे ऐकल्यावर तेच चित्र पुन्हा बघावंसं वाटतं, आणि त्या दुसऱ्या बघण्यासाठीच तर हा खटाटोप. मजकुरात मी ‘संवाद मराठीत’ असंही घातलं. मिठागरांवरची माणसं यावीत असं त्याला वाटत होतं, तर ते त्यांना कळायला नको?

उरली शेवटची ओळ. ‘प्रवेश विनामूल्य, नोंदणीची गरज नाही.’ इथे तो अडला. म्हणाला, “फुकट म्हटलं की किंमत जाते.”

काळाघोड्याच्या त्या फुटपाथवर थोडा वेळ उभं राहून बघावं. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाला तिकीट, समोरच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयालाही तिकीट. मध्ये जहांगीर. बाहेर फुटपाथवर मांडलेल्या चित्रांपाशी लोक थांबतात, वाकून बघतात, भावही विचारतात. दोन पावलांवर गॅलरीचं दार उघडं असतं, आणि त्यातले कितीतरी जण आत डोकावून, रखवालदाराकडे बघून, पुढे निघून जातात. आत जायला पैसे पडत असतील, किंवा निदान कुणीतरी ‘काय काम आहे?’ विचारील, असं त्यांच्या मनात असतं. कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांच्या जड काचेच्या दारांबद्दल तर बोलायलाच नको. तिथेही बहुधा पैसे लागत नाहीत, पण ते दार तसं सांगत नाही.

के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली आणि १९५२ साली उघडली. इथे चित्र लावायला चित्रकारांना वर्षानुवर्षं आपल्या पाळीची वाट बघावी लागते. बघणाऱ्याला मात्र कसलीच पाळी नाही. ही गोष्ट त्या पाच शब्दांच्या ओळीत मावते, म्हणून ती वगळायची नाही. उलट, वर आणायची.

“किंमत चित्राची आहे,” मी त्याला म्हटलं, “ती यादीत लिहून टेबलावर ठेव. बघण्याची किंमत तू लावलेली नाहीस, तर मग ते सांगायला लाजतोस कशाला?”

त्याने ओळ राहू दिली. एवढंच केलं की तिच्यापुढे स्वतःच्या हाताने जोडलं : ‘मुलांना जरूर आणा.’ ते मला सुचलं नसतं. मजकुरातली सगळ्यात चांगली ओळ तीच ठरली, कारण तेवढीच निमंत्रणासारखी होती. बाकी सगळी माहिती होती, आणि माहिती बिनचूक असली की तिचं काम झालं.