दुकानाचा नवा पत्ता

बंद शटरवर लावलेला स्थलांतराचा कागद चार ओळींचा असतो: दुकान हलत आहे, नवा पत्ता हा, इथे शेवटचा दिवस हा, तिथे पहिला दिवस हा. या चार ओळी बहुतेक दुकानदार रोज येणारे गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून लिहितात. पण रोजच्या गिऱ्हाईकाला बातमी आधीच कळलेली असते. कागद खरा लिहायचा असतो तो सर्वांत उशिरा येणाऱ्यासाठी. वाशीमसारख्या शेतीवर चालणाऱ्या जिल्ह्यात हा उशिरा येणारा माणूस कोण, हे सांगायला नको. बियाण्याच्या दुकानाची पायरी तो पेरणीच्या तोंडावर चढतो आणि पुन्हा रब्बीला. मधले महिने त्याचा त्या चौकाशी संबंध नसतो.

समजा, पाटणी चौकातले एक कृषी केंद्र पुसद नाक्याकडे जाणार आहे. तारखा कशा ठरवाव्यात? सोयाबीन आणि तुरीच्या बियाण्यांची खरेदी मे अखेरीस जोर धरते आणि मृगाचा पाऊस झाला की दुकानात उभे राहायला जागा उरत नाही. म्हणून हलायचे ते एप्रिलमध्ये. पण एप्रिलमधली कुठली तारीख, हे नुसत्या मुहूर्तावर ठरवून भागत नाही. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने विक्रीच्या जागेला बांधलेले असतात. जागा बदलली की परवान्यावरची जागाही बदलून घ्यावी लागते. जीएसटी नोंदणीतला मुख्य जागेचा पत्ता बदलल्यापासून पंधरा दिवसांत कळवावा लागतो. त्यामुळे उघडण्याची तारीख कागदावर लिहायची ती परवाना हातात आल्यावरच. मुहूर्त साधला, नारळ फुटला, पण परवान्यावर जुनीच जागा असेल, तर खताची थप्पी लागूनही विक्री करता येत नाही. अशा वेळी ‘लवकरच सुरू होत आहे’ असे लिहिले जाते. या शब्दांचा शेतकऱ्याला काहीच उपयोग नाही, कारण त्याला त्या दिवसाच्या एसटीचा हिशेब करायचा असतो.

मग कागद असा व्हावा: ‘शनिवार, 11 एप्रिल 2026, संध्याकाळी 7 पर्यंत दुकान येथे सुरू. सोमवार, 20 एप्रिल 2026, सकाळी 9 पासून नव्या जागी: पुसद नाका, शहरात शिरताना डाव्या हाताला. मधले आठ दिवस विक्री बंद. फोन चालू.’ तारखेसोबत वार हवा, कारण खेड्यातला व्यवहार आठवडी बाजाराच्या वाराने चालतो. शिवाय तारीख लिहिताना चूक झाली, तर वार जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. पत्ता मालमत्ता क्रमांकाने नव्हे, तर येण्याच्या वाटेने सांगावा. अनसिंगकडून येणाऱ्याला पुसद नाका चौकाच्या आधीच लागतो. मालेगावकडून अकोला नाक्याने येणाऱ्याला शहर ओलांडून जावे लागते. दोघांनाही एका ओळीत वाट दिसली पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, आता व्हॉट्सअ‍ॅप आहे, नकाशा आहे, कागदाची काय गरज? निरोप जरूर पाठवावा. पण तो पोचतो दुकानदाराकडे ज्यांचे नंबर आहेत त्यांनाच. बिल एकाच्या नावे आणि येतो त्याचा भाऊ, असे खरेदीत नेहमीच घडते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुन्या गाळ्यात नवा भाडेकरू आला की तो कागद किती दिवस राहू देईल? म्हणूनच गाळा सोडतानाच्या बोलणीत ही अट घालून घ्यावी. शिवाय आदल्या हंगामाच्या प्रत्येक बिलावर नव्या पत्त्याचा शिक्का मारावा, म्हणजे शटरवरचा कागद फाटला तरी घरातला कागद बोलेल.

बिलाचा मुद्दा जपण्याजोगा आहे, कारण गिऱ्हाईक केवळ खरेदीला परत येत नाही. 2020च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, अशा तक्रारी राज्यभर झाल्या. अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती बिल, पिशवीवरची खूणचिठ्ठी आणि थोडे उरलेले बियाणे असते, आणि पहिली धाव दुकानाकडेच असते. उगवण पाहायला पथक यायचे तर दिवस थोडे असतात. उशीर झाला की दुबार पेरणीची वेळही हुकते. त्या दिवशी त्याला जुन्या पत्त्यावर नुसते कुलूप दिसले, तर दुकानदार पळाला, असेच त्याला वाटेल. दुकानदाराची दानत कितीही स्वच्छ असो, तिची साक्ष द्यायला त्या क्षणी तो एक कागदच असतो.

म्हणून कागद किती दिवस ठेवावा, याचे उत्तर पंधरवडा किंवा महिना नाही. एप्रिलमध्ये लावलेला कागद खरिपाची पेरणी, तक्रारींचे दिवस आणि रब्बीची खरेदी पाहून मगच उतरावा. किराणा दुकानाला कदाचित एक महिना पुरेल, कृषी केंद्राला दोन हंगाम लागतील. सर्वांत उशिरा येणारे गिऱ्हाईक ज्या अंतराने येते, तेवढे त्या चार ओळींचे आयुष्य असले पाहिजे.