शून्यांची बेरीज

गणिताचे सर रजेवर होते, म्हणून त्या रात्री वसतिगृहाच्या अभ्यासिकेत इतिहासाचे आम्ही बसलो. n अनंताकडे जाताना (1 + 2 + … + n)/n² ची सीमा काढायची होती. आम्ही पदे सुटी केली. प्रत्येकाची सीमा शून्य, म्हणून बेरीजही शून्य. एका मुलीच्या वहीत ½ होते, त्यावर आम्ही फुली मारली.

ती म्हणाली, "सर, n दहा घेतला तर 0.55 येते, शंभर घेतला तर 0.505."

खरेच, अंशातील बेरीज n(n+1)/2 होती. सीमा पदापदाला वाटून देण्यास पदांची संख्या ठरलेली हवी आणि प्रत्येकाला स्वतःची सीमा हवी. येथे पदे लहान होत होती, तशी त्यांची संख्याही वाढत होती. वहीवरील फुली आम्ही स्वहस्ते खोडली.