खारातली अंडी

भाताच्या खाचरात सोडायला म्हणून मी बारा बदकं आणली. पावसाळा संपला नि अंडी एवढी व्हायला लागली की घरी संपेनात. बाजारात कुणी घेईना, "वास येतो" म्हणायचे. तेव्हा माझा मेहुणा बोटीवरून सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "भावोजी, आमचा फिलिपिनो भंडारी ही अंडी मिठात मुरवतो. टोमॅटो चिरून भाताबरोबर खातात."

त्याच्या सांगण्यावरून बारा अंडी घातली. बायकोने लोणच्याची चिनीमातीची बरणी दिली. विसाव्या दिवशी झाकण काढलं, तर अख्ख्या पडवीत घाण वास. एक अंडं चिरलेलं होतं, दुसरं खारावर तरंगत होतं. बाराच्या बारा खड्ड्यात पुरली. बायको आठवडाभर माझ्याशी बरणीवरून बोलत होती.

दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. ताजी अंडी पाण्यात सोडून बघितली, तळाशी आडवी बसली तीच घेतली. चिखल धुऊन पुसली. बॅटरीच्या उजेडात एकेक फिरवून बघितलं, केसाएवढी चीर असली तरी बाजूला. दोन लिटर पाण्यात अर्धा किलो जाडं मीठ घालून उकळलं नि पार गार होऊ दिलं. गरम खार ओतला तर कवच तडकतं.

एवढ्या दाट खारात अंडी वर येणारच. म्हणून वर बशी ठेवली नि तिच्यावर पाणी भरलेली काचेची बाटली. एकही अंडं उघडं राहता कामा नये. बरणीवर तारीख लिहून सावलीत ठेवली.

एकविसाव्या दिवशी एक उकडून बघितलं. पांढरं खारट, पण बलक मधे अजून मऊच. मीठ कवचाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतं नि बलकातलं पाणी ओढून घेतं, त्याला वेळ लागतो. अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरं फोडलं, तर बलक घट्ट, शेंदरी, कडेने तेल सुटलेलं. लगेच सगळी खारातून काढली, नाहीतर खाववत नाहीत एवढी खारट होतात.

मिठाने अंडं शिजत नाही, हे लक्षात ठेवा. कच्चं फोडलं तर पांढरं पातळच असतं. बदकं ओल्यात, चिखलात अंडी घालतात, त्यातून पोटाचे जंतू येऊ शकतात. म्हणून उकळी आल्यावर पंधरा मिनिटं उकडायची, मग फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायची. फोडल्यावर काळपट दिसलं, वास आला, तर चाखूनही बघायचं नाही.

आईला रक्तदाब. तिला एकच पातळ फोड, तीही भाताबरोबर. ती म्हणते, "बाबा, एवढ्यासाठी महिनाभर थांबले होय मी?" आणि दुसरी फोड मागते. मी देत नाही.