सागाच्या पोटातले पावसाळे

सिद्धगडाकडे जाताना नारिवली मागे पडली की वाटेच्या दोन्ही अंगांना साग, ऐन अशी पानझडी झाडं लागतात. गडाच्या माचीकडे चढत गेलं की जंगल दाट होतं, पानं बारमाही हिरवी राहू लागतात आणि खोडातली वर्तुळं वाचणाऱ्याला तिथे फारसं काही हाती लागत नाही. त्याचं काम खालच्या सागात. दरवर्षी पानं गाळून महिनोन् महिने निजणारी आणि पावसाच्या तोंडाला पुन्हा जागी होणारी झाडंच वर्षांचा हिशेब स्वच्छ ठेवतात. या भागातल्या सागाचा असा अभ्यास झालेलाही आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले पंत आणि बोरगावकर यांनी ठाणे परिसरातल्या सागाची वर्तुळं आणि इथलं हवामान यांच्यावरचा निबंध १९८३ मध्ये छापला.

माझ्यासमोर आहे ते एक छायाचित्र. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, त्यात पडलेल्या सागाचा कापलेला बुंधा, शेजारी मापासाठी ठेवलेलं दहा रुपयांचं नाणं. झाड कधी पडलं हे ठाऊक असणं ही मोठीच सोय. ३ जूनला सागाची नवी वाढ सुरू होत असते, वर्तुळ म्हणावं इतकं लाकूड अजून जमलेलं नसतं. म्हणजे सालीला टेकलेलं शेवटचं पूर्ण वर्तुळ २०१९ च्या पावसाळ्याचं. तिथून आत मोजत जायचं. हेच झाड ऑगस्टमध्ये तोडलं असतं तर शेवटचं वर्तुळ अर्धवट मिळालं असतं, आणि तोडल्याची तारीख हरवली तर सगळंच अधांतरी.

सागाचं वर्तुळ ओळखायला सोपं आहे. मोसमाच्या सुरुवातीला झाड मोठ्या वाहिन्या तयार करतं. कापलेल्या तोंडावर त्या सुईने टोचल्यासारख्या भोकांच्या ओळीत दिसतात, आणि तिथे लाकडाची एक फिकट रेघ असते. पुढे वाहिन्या बारीक होत जातात, लाकूड घट्ट आणि गडद होतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात काम थांबतं. पुढच्या वर्षीची मोठ्या भोकांची ओळ या गडद कडेला एकदम येऊन भिडते. ही एकदम बदलणारी कड म्हणजे वर्षाची सीमा.

छायाचित्राची मर्यादा इथेच कळते. बुंध्याचा व्यास अर्धा मीटर आणि चित्राची रुंदी चार हजार पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरच्या वाट्याला आठ पिक्सेल. चार-पाच मिलिमीटरचं वर्तुळ त्यात आरामात दिसतं. पण सालीजवळ, म्हातारपणी, वर्तुळं मिलिमीटरभर होतात आणि भोकांची ओळ एक-दोन पिक्सेलांत विरून जाते. करवतीचे ओरखडेही नेमके वर्तुळांसारखे भासतात. म्हणून गाभ्यापासून सालीपर्यंत एक पट्टा रंध्याने साफ करून पॉलिश पेपरने घासायचा, उजेड तिरपा घ्यायचा आणि त्या पट्ट्याचे जवळून, एकावर एक चढणारे फोटो काढायचे. अख्ख्या बुंध्याचा एक फोटो वेगळा हवाच. त्याचं कारण पुढे येतं.

पट्ट्यावर मोजली तर वर्तुळं बहात्तर भरली. सालीकडून मोजताना एकोणपन्नासावं वर्तुळ शेजाऱ्यांच्या निम्म्याने बारीक. २०१९ ला पहिलं धरलं तर हे १९७१ चं. महाराष्ट्रात बारीक वर्तुळ शोधणाऱ्याच्या मनात आधी १९७२ असतं, ते अठ्ठेचाळिसावं यायला हवं. एकाचा फरक. इथे मोह होतो तो वर्तुळ ढकलून दुष्काळावर बसवायचा, आणि तेच करायचं नसतं. आधी पुरावा शोधायचा. अख्ख्या बुंध्याच्या फोटोवर प्रत्येक रेघ बोटाने गोल फिरवून पाहिली. अठरावी आणि एकोणिसावी यांच्यामधली रेघ पूर्वेच्या बाजूला ठळक होती, पुढे फिकी झाली आणि पश्चिमेला नाहीशीच झाली. तिच्या आतल्या अंगाला गडद लाकडाची कडही एकदम तुटलेली नव्हती, हळूहळू विरलेली होती. ही खोटी रेघ. एकाच पावसाळ्यात झाड थांबलं आणि पुन्हा चाललं. ते वर्ष २००२ येतं, आणि २००२ च्या जुलैमध्ये देशभर मिळून सरासरीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस झाला होता. खोटी रेघ वगळली की वर्तुळं एकाहत्तर, सगळ्यात आतलं १९४९ चं, आणि बारीक वर्तुळ १९७२ वर येतं.

तरीही एका झाडाच्या साक्षीवर मी दुष्काळ लिहून टाकणार नाही. जूनमध्ये फुटलेल्या कोवळ्या पानांची अळ्यांनी चाळणी केली तरी सागाचं वर्तुळ बारीक होतं, आणि नवी पालवी आल्यावर खोटी रेघही उमटू शकते. राबासाठी फांद्या छाटल्या जाण्याचा मार मुख्यतः ऐनासारख्या झाडांना, पण ठाण्याच्या जंगलात कोयता कुठल्या झाडाला चुकला आहे! शेजारचं थोराड झाड पडलं की मोकळा उजेड मिळून वर्तुळं एकदम रुंदावतात, पाऊस कसाही असो. शिवाय कोवळ्या वयातली वर्तुळं मुळातच रुंद असतात. म्हणून एखादं वर्ष आपल्या आगेमागेच्या दहाएक वर्षांशीच ताडून पाहायचं.

वयाचीही गोम आहे. इथला पुष्कळसा साग जुन्या तोडलेल्या खुंटाच्या फुटव्यातून वाढलेला. तयार मुळांच्या जोरावर फुटवा पहिल्या वर्षांत भराभर जाड होतो. या बुंध्याची गाभ्याजवळची चार-पाच वर्तुळं बोटभर रुंद आहेत. तेव्हा एकाहत्तर हे खोडाचं वय. मुळांचं वय हे चित्र सांगत नाही.

काय नोंदलं जातं आणि काय नाही, याचं या रानातलं माझं आवडतं उदाहरण २ जानेवारी १९४३ चं आहे. त्या पहाटे याच जंगलात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तेव्हा उभ्या असलेल्या सागाची १९४२ ची वाढ संपली होती, १९४३ ची सुरू व्हायची होती. एखादी गोळी खोडात शिरली असेल तर तिची जखम त्या दोन वर्तुळांच्या बरोबर सीमेवर सापडेल. उन्हाळ्यातल्या वणव्याची जखमही अशीच सीमेवर बसते. पावसाळ्यातली जखम मात्र वर्तुळाच्या पोटात.

उरला ओल्या वर्षांचा प्रश्न, आणि तो कोरड्यापेक्षा कठीण आहे. या विद्येचा पाया घालणारे डग्लस अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनातले; तिथल्या कोरड्या डोंगरांवर पाइन झाडाला पाण्याचीच वाण, त्यामुळे पाऊस जास्त तेवढं वर्तुळ रुंद असा बराचसा सरळ हिशेब लागतो. मुरबाड-शहापुरात सह्याद्रीच्या पायथ्याला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो तीन हजार झाला म्हणून सागाला काय त्याचं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. असलं पाणी ओढ्यांनी वाहून जातं आणि ढगाळ दिवसांत पानांना ऊनही मिळत नाही. या झाडाचं २००५ चं वर्तुळ अगदी मधलं आहे. इथे रुंद वर्तुळ पाहिलं की मी विचारतो, मृग वेळेवर लागला होता का, जुलैत ओढ बसली का, हस्ताचा पाऊस पोहोचला का. पावसाची बेरीज नंतर. म्हणून बारीक वर्तुळावरून ‘कोरडं’ म्हणायला मी दोन-चार झाडांची साक्ष मागतो, आणि रुंद वर्तुळावरून ‘ओलं’ म्हणायचं जवळजवळ टाळतोच. ‘पाऊस लांबवर पुरला’ एवढंच म्हणतो.

आता हवा आहे तो दुसऱ्या उताराचा, वस्तीपासून दूरचा बुंधा. त्यावर १९७२ बारीक आणि २००२ मध्ये तशीच मोडकी रेघ निघाली तर या दोन वर्षांवर पेन्सिलीऐवजी शाईने खूण करता येईल. दोन्ही खुणा एक घर सरकलेल्या निघाल्या, तर आधी त्या झाडाच्या तोडीची तारीख पुन्हा विचारायची.