नाव शेवटी, खोका आधी

दिवाळीच्या भेटखोक्यांचा माझा ऑनलाइन व्यवसाय पुण्यातून चालतो. त्याचं गणित मी जूनमध्ये मांडते आणि पहिली वस्तू ठरवते ती रिकामा खोका. आत काय भरायचं ते पुढे बदलता येतं, पण कडक पुठ्ठ्याचा खोका बनवणारा थोड्या संख्येत ऑर्डर घेत नाही आणि सप्टेंबरात त्याच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो.

खोक्याचं माप कुरिअरच्या हिशोबाने घ्यावं लागतं. कुरिअरवाले वजनकाट्याबरोबर आकारमानही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात, आणि दोन्हींपैकी जे वजन जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. बाहेरून ३० बाय २५ बाय १२ च्या पार्सलचं असं वजन १.८ किलो होतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी २ किलोचा दर. उंची ८ वर आणली की १.२ किलो, म्हणजे दीड किलोचा दर. आतला माल दोन्ही वेळा किलोभरच असतो. म्हणून मी उंच बरण्या सोडून बसक्या बरण्या घेतल्या.

खोक्यावर मी काहीच छापत नाही. साधा मरून रंग, ना ‘शुभ दीपावली’, ना वर्ष. शुभेच्छा, कंपनीचा लोगो आणि माणसाचं नाव हे सगळं वरून चढवायच्या कागदी पट्ट्यावर येतं. पट्टा काही रुपयांत आणि दोन दिवसांत छापून मिळतो. खोके उरले तर पट्टा बदलून नाताळाला किंवा लग्नाच्या आहेराला जातात. पावसाळ्यात मात्र ते जपावे लागतात. ओल लागली की आधी कोपऱ्यावरचा चिकटवलेला कागद फुगतो, मग झाकण नीट बसत नाही. गठ्ठे फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवायचे आणि दर आठवड्याला तळातला एक खोका उघडून बघायचा.

पणत्या आणि बरण्या ऑगस्टपर्यंत घरात येतात, बदाम-मनुका सप्टेंबरात. चकली आणि बेसनाचे लाडू बचत गटाच्या बायका अगदी शेवटच्या आठवड्यात करून देतात. आधी केलेली चकली खवट होते आणि सगळ्या खोक्याला तो वास लागतो.

२०२५ ची खराडीतली एक ऑर्डर सांगते. कंपनीत ३२० माणसं. ऑफिसांचं दरडोई बजेट ऑगस्टमध्येच ठरतं, म्हणून नमुन्याचे दोन खोके मी गणपतीच्या आधी पोहोचवले: एक बजेटातला, एक थोडा वरचा. निर्णय एकट्याचा नसतो. अ‍ॅडमिनच्या साहेबांनी दर विचारला, एचआरच्या ताई म्हणाल्या, “प्रत्येकाचं नाव मराठीत हवं,” आणि अकाउंट्सने ४५ दिवसांची उधारी मागितली. दरात मी थोडं उतरले, उधारीत नाही. बचत गटाला रोख द्यावे लागतात, तेव्हा पर्चेस ऑर्डरबरोबर निम्मे आणि बाकीचे माल पोहोचल्यावर, यावर जमलं.

नावांची एक्सेल शीट आली ती इंग्रजीत. Kale म्हणजे काळे की काले, Mane म्हणजे माने की मने, हे शीट बघून कळत नाही. अंदाजाने छापलं तर चुकीच्या नावाचा खोका मिळण्यापेक्षा बिननावाचा बरा, असं माणसाला वाटतं. मी ताईंना विनंती केली की ज्याने त्याने आपलं नाव स्वतः देवनागरीत भरावं आणि दसऱ्यानंतर, ४ ऑक्टोबरला यादी बंद करावी. छपाईआधी सगळी यादी त्यांच्याकडून मेलवर मंजूर करून घेतली. नंतर रुजू होणाऱ्यांसाठी नावाऐवजी ‘आपल्यासाठी’ छापलेले २० पट्टे जादा काढले. त्यातले १४ लागले. नोकरी सोडून गेलेल्यांचा फक्त पट्टा वाया गेला.

वसुबारस १७ ऑक्टोबरला, शुक्रवारी होती आणि त्या संध्याकाळी लोक गावाला निघणार होते. घरून काम करणाऱ्यांच्या ४६ खोक्यांत मी फराळ घातलाच नाही. त्याऐवजी बदाम-मनुका जास्त भरून ते ८ तारखेलाच कुरिअरने पाठवले, कारण दिवाळीच्या तोंडावर कुरिअरची गोदामं तुंबतात. उरलेले १४ तारखेला टेम्पोने नेले. मजल्याप्रमाणे पेट्या, पेटीत आडनावांच्या क्रमाने खोके आणि वर यादी चिकटवलेली, त्यामुळे वाटप तासाभरात उरकलं.

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे पट्टे आणि फराळ जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकतात. खोक्यांची ऑर्डर मात्र मी जूनमध्येच देणार. दिवाळी उशिरा आली तरी सप्टेंबरात पुठ्ठेवाल्याकडे वेळ नसतोच.