सूचना माणसाला की वस्तूला?

मराठीत सूचना देताना सभ्यपणा कुठे ठेवायचा, असे विचारले की बहुतेक जण ‘कृपया’कडे बोट दाखवतात. दवाखान्यात ‘कृपया शांतता राखा’, सोसायटीच्या जिन्यात ‘कृपया चपला इथे काढू नका’, बँकेत ‘कृपया रांगेत उभे राहा’. घरात मात्र हा शब्द कोणी उच्चारत नाही. ‘जरा सरका’, ‘पाणी देता का?’, ‘दार लावा ना’ असे आपण म्हणतो, आणि त्यात कोणाला उद्धटपणा जाणवत नाही. व्याकरणाचा अभ्यासक म्हणून माझे म्हणणे असे की मराठी सूचनेचा सूर मुख्यतः क्रियापदाच्या रूपात ठरतो, आणि ते रूप निवडताना पहिला प्रश्न सौजन्याचा नसतोच. ही सूचना समोरच्या माणसाशी बोलते आहे की करायच्या कामाविषयी बोलते आहे, हा तो प्रश्न आहे. ‘करा’ माणसाशी बोलते, ‘करावे’ कामाविषयी. हा भेद एकदा ध्यानात आला की पाककृतीत काय शोभते, फलकावर काय आणि वर्गात काय, हे बरेचसे आपोआप सुटते.

शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘डाळ भिजवा’ हा आज्ञार्थ, ‘डाळ भिजवावी’ हा विध्यर्थ. पहिला हुकूम आणि दुसरा उपदेश, एवढ्यावर तो धडा बहुधा संपतो. खरा फरक प्रयोगात आहे. आज्ञार्थ नेहमी कर्तरी असतो. ‘डाळ भिजवा, तांदूळ धुवा, मीठ घाला’ या तिन्ही वाक्यांत क्रियापद ‘तुम्ही’ला धरून चालते, समोर डाळ आहे की मीठ, याची त्याला दखल नाही. विध्यर्थात तीच वाक्ये ‘डाळ भिजवावी, तांदूळ धुवावेत, मीठ घालावे’ अशी होतात. इथे प्रयोग कर्मणी आहे. क्रियापदाने माणसाचा हात सोडून वस्तूचा हात धरला आहे. डाळीचे लिंग, तांदळाचे वचन, मिठाचे नपुंसकत्व ते आपल्या अंगावर वागवते. करणारा कोण, हे सांगायची गरजच उरत नाही.

चकलीच्या भाजणीची कृती घेतली की हे नीट दिसते. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, थोडे धने आणि जिरे, असे एक रुळलेले प्रमाण आहे. तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, मंद आचेवर वेगवेगळ्या भाजायच्या आणि मग एकत्र दळून आणायच्या. आता समजा, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ यांचा उल्लेख होऊन गेला आहे आणि पुढचे वाक्य आहे: ‘गुलाबीसर रंगावर भाजा.’ काय भाजायचे? मागचे वाक्य पुन्हा वाचावे लागते. तेच ‘गुलाबीसर रंगावर भाजावी’ असे लिहिले की डाळीखेरीज दुसरे काही असूच शकत नाही, आणि ‘हलके होईपर्यंत भाजावेत’ म्हटले की ते तांदूळच. पुढे उकळत्या पाण्यात तिखट, मीठ, हिंग, तीळ आणि तेल पडते. मग ‘भाजणी घालावी, झाकून ठेवावी, कोमट झाल्यावर मळावी’ असा पूर्ण पल्ला एकाच नामावर निभावतो, आणि ‘मंद आचेवर तळाव्यात’ हे शब्द येताच वाचणारीला कळते की विषय भाजणीवरून चकल्यांवर आला. कर्त्याला वगळून आणि कर्माचे नाव गाळूनही अर्थ शाबूत राहतो, ही सोय आज्ञार्थात नाही. तिला मर्यादाही आहे. हरभऱ्याची डाळ आणि उडदाची डाळ दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने तिथे रूप मदतीला येत नाही. नाव पुन्हा लिहावेच लागते. उडदाची डाळ लवकर लाल होते, म्हणून हे नाव गाळणे महागात पडते.

याच कामात एका अक्षराचे महत्त्व सांगितलेच पाहिजे. जुन्या लेखनात ‘मीठ घालावें’ असे अनुस्वारासह लिहीत, आणि ‘तांदूळ धुवावे’ हे पुल्लिंगी अनेकवचन अनुस्वाराविना. साहित्य महामंडळाचे 1962चे लेखननियम आल्यावर हे अनुच्चारित अनुस्वार गेले. ते गेले ते योग्यच झाले; उच्चारात नसलेले टिंब मुलांनी पाठ करत बसण्याचे कारण नव्हते. पण त्यामुळे नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन कागदावर एकसारखे झाले. बोलताना ‘घालावं’ आणि ‘घालावे’ असा भेद कानाला कळतो, छापील प्रमाण मराठीत तो डोळ्याला दिसत नाही. आता तो भेद ‘धुवावेत’मधल्या ‘त’वर उभा आहे. म्हणून ‘तांदूळ धुवावे’ असे छापणे मी चूक म्हणत नाही, पण सूचनेच्या लेखनात तो ‘त’ गाळणे म्हणजे वाचकाच्या हातातली खूण काढून घेणे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: ‘करावे’ हे पुस्तकी आहे, आजच्या वाचकाला ते परके वाटते, म्हणून पाककृती ‘करा’मध्येच लिहाव्यात. हा आक्षेप रूपापुरता खरा आहे, प्रवृत्तीपुरता नाही. स्वयंपाकघरात एखादी बाई दुसरीला कृती सांगते तेव्हा ती काय म्हणते? ‘डाळ भिजवायची, तांदूळ धुवायचे, मीठ घालायचं, चकल्या मंद आचेवर तळायच्या.’ हे ‘करावे’ नाही, पण ‘करा’ही नाही. इथेही क्रियापद वस्तूशीच जुळते आणि कर्ता अध्याहृत राहतो. म्हणजे कामाची रीत सांगताना वस्तूकडे तोंड करणे ही पुस्तकाने लादलेली सवय नसून तोंडी मराठीचीच चाल आहे; ‘करावे’ हे तिचे लेखी रूप. कोणाला ‘करायचे’ जवळचे वाटत असेल तर त्याने तेच लिहावे. ‘करा’लाही माझी ना नाही, मात्र मग दर वाक्यात वस्तूचे नाव देण्याचे ओझे पत्करले पाहिजे. जे खपवून घेऊ नये ते मिश्रण: ‘तांदूळ धुवून घ्या. डाळ भाजावी. नंतर दळून आणणे.’ तीन वाक्यांत तीन वेगळे सांगणारे बोलू लागतात, आणि वाचकाला वाटते की यांतले एखादे सक्तीचे आणि एखादे ऐच्छिक असावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘करावे’ सरकारी वाटते. ‘अर्ज सादर करावा’, ‘नोंद घ्यावी’ असल्या परिपत्रकांची थंडी त्यात आहे, असे म्हणतात. पण हेच रूप मराठी माणूस सर्वांत आदराच्या जागी वापरतो. लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ लिहितात, पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ लिहितात, पाहुण्याला ‘आपण बसावे’ म्हणतात. तेव्हा थंडी रूपात असती तर ती पत्रिकेतही जाणवली असती. परिपत्रकातली थंडी त्यातल्या ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘करण्यात यावे’ अशा शब्दांची आणि लांबणीची आहे. हिंदीत ‘कर, करो, कीजिए’ अशा तीन पायऱ्या आहेत. मराठीत आज्ञार्थाला ‘कर’ आणि ‘करा’ दोनच. त्यांच्यावरची आदराची पायरी मराठीने ‘आपण’ आणि विध्यर्थ यांच्या जोडीने बांधली आहे. म्हणून ‘शांतता राखावी’ या दोन शब्दांना ‘कृपया’ची गरज पडत नाही.

फलकाच्या बाबतीत विध्यर्थाची आणखी एक सोय आहे. फलक कोण वाचणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, आणि पुष्कळदा सूचना सगळ्यांना लागूही नसते. ‘ज्यांच्याकडे पास आहे त्यांनी डावीकडच्या रांगेत उभे राहावे’ हे वाक्य ‘राहा’ घालून सरळ बनतच नाही. निषेधात फरक आणखी स्पष्ट होतो. ‘फुले तोडू नका’ म्हणताना फलक तुमच्याकडे पाहतो, जणू तुमचा हात फुलाकडे गेलाच आहे. ‘फुले तोडू नयेत’ हा बागेचा नियम आहे; तो फलक लावणाऱ्यालाही लागू पडतो. इथेही वस्तूशी जुळणी राहते: एक फूल असेल तर ‘नये’, फुले असतील तर ‘नयेत’. ‘येथे वाहने उभी करू नये’ असे जागोजाग रंगवलेले दिसते, तिथे ‘नयेत’ हवे.

पण प्रत्येक फलकावर विध्यर्थ चढवावा असे मात्र नाही. ‘करावे’मध्ये सल्ल्याची छटा आहे, आणि जिथे क्षणाचा प्रश्न असतो तिथे सल्ला चालत नाही. आग लागल्यावर ‘काच फोडावी’ असे कोणी वाचत बसणार नाही. तिथे ‘काच फोडा’ हवे. विजेच्या डब्यावर ‘हात लावू नका’च बरे. तिथे त्या क्षणी, त्या एका माणसालाच थांबवायचे आहे.

वर्गातही माणूसच महत्त्वाचा असतो, आणि म्हणून तिथे आज्ञार्थ योग्य आहे. ‘जोड्या लावा’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘कारणे लिहा’ या सूचनांत गाळलेली जागा भरली जाणे हे उद्दिष्ट नाही. मुलाने ती भरणे हे उद्दिष्ट आहे. कोणीतरी ‘जागा भरावी’ हे तिथे अर्थशून्य ठरेल. घरी ‘तू’ असलेले मूल इथे ‘तुम्ही’ होते, तेवढा मान पुरेसा आहे. बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांतले ‘सांगा पाहू’ आणि ‘करून पहा’ हे मथळे मला या दृष्टीने उत्तम वाटतात: हुकूम आहे, पण त्या ‘पाहू’ने आणि ‘पहा’ने तो मुलाच्या कुतूहलाच्या बाजूला झुकवला आहे. अडचण येते ती लांब सूचनांत. ‘उतारा वाचून अधोरेखित शब्दांचे लिंग ओळखून तक्ता पूर्ण करा’ या वाक्यात हुकूम एकच आहे, ‘पूर्ण करा’. वाचणे आणि ओळखणे ही दोन्ही कामे ‘-ऊन’मध्ये बुडाली आहेत, आणि घाईतले मूल थेट तक्त्याकडे जाते. चकलीतही नेमके हेच होते. ‘कडकडीत तेल घालून पीठ भिजवावे’ या वाक्यात मोहन ‘-ऊन’मध्ये दडते, आणि मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी झाले तर ती दाताला कडक लागते. जे चुकले तर काम बिघडते त्याला स्वतःचे वाक्य आणि स्वतःचे क्रियापद दिले पाहिजे.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना, फलक रंगवून घेणाऱ्यांना आणि दिवाळीत फराळाच्या कृती तपासणाऱ्या संपादकांना माझी विनंती आहे. मुलांना ‘करा’ म्हणा, आणि एका वाक्यात एकच काम सांगा. बागेला ‘नयेत’ द्या. आणि पाककृतीतल्या ‘धुवावेत’, ‘भाजावेत’, ‘घालावेत’ यांमधला ‘त’ जागा वाचवण्यासाठी कापू नका.